भाजीच्या वाफ्यासाठी खत घेताना पोत्यावरचे आकडे आणि शिक्के कसे वाचायचे?

पालवी
मंडळी, वाफा साधारण १० चौरस मीटरचा आहे. टोमॅटो, वांगी, एका कडेला घेवडा. तीन पोत्यांत अडकले आहे.

पहिलं कोंबडखताच्या गोळ्यांचं, त्यावर ४-३-२. दुसरं कंपोस्ट, त्यावर १-०.८-०.८ आणि खाली बारीक अक्षरात "कोरड्या वजनावर". तिसऱ्यावर हिरव्या ठळक अक्षरांत "१००% सेंद्रिय", आकडे १२-१२-१२. तिसऱ्यावर शिक्केही सगळ्यात जास्त आहेत: आयएसओ, एक पान असलेला गोल शिक्का, आणि ब्रँडच्या नावापुढे गोलातला आर. आकडे मोठे आणि शिक्केही जास्त, म्हणजे तेच घ्यावं ना? की यात काही गोम आहे?

कुंडीवाला
मी १९-१९-१९ वापरतो, पाण्यात विरघळणारं. तिन्ही आकडे, म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाशाचे टक्के, सारखे असले की संतुलित खत. १२-१२-१२ त्याच जातीचं, वर सेंद्रिय. डोळे झाकून घ्या. कंपोस्टवर १ टक्का नत्र म्हणजे माती विकत घेतल्यासारखंच.

शेंदाड
कुंडीवाला, आकडे सारखे असले म्हणून खत संतुलित होत नाही. झाड काय उचलतं त्यावर ते ठरतं. टोमॅटो-वांगी नत्र आणि पालाश भरपूर उचलतात, स्फुरद त्या मानाने फारच थोडा. नत्राला पुरेल इतकं १९-१९-१९ टाकलंस की स्फुरद गरजेच्या दुप्पट पडतो. कुंडीत माती बदलता येते म्हणून ते लक्षात येत नाही. वाफ्यात तो वर्षानुवर्षं साठत जातो.

पालवी, तिसऱ्या पोत्याबद्दल मला शंका आहे, पण आधी एक सांग. आकड्यांखाली एखादी ओळ आहे का, ज्यात खताचा वर्ग लिहिलेला असतो? सेंद्रिय खत, सेंद्रिय-खनिज मिश्रण, जैविक खत, वाढ उत्तेजक, असं काहीतरी. आणि हे पोतं कुठल्या देशातलं? नोंदणीचे नियम देशागणिक वेगळे आहेत.

पालवी
देश मुद्दाम नाही लिहिला, कारण मला वाचायची पद्धत शिकायची आहे. उद्या ब्रँड बदलला की पुन्हा विचारायला नको. वर्गाची ओळ बघून सांगते.

शेंदाड
मग पद्धतच सांगतो. मी माती-खत तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी तिसऱ्या पोत्यावरचं १२-१२-१२. रसायन न घालता हे जमतं का ते बघू. नैसर्गिक पदार्थांत नत्राने सगळ्यात भारी म्हणजे रक्ताची भुकटी आणि पिसांची भुकटी, दोन्हींत साधारण १२ ते १४ टक्के. म्हणजे पोत्यात १२ टक्के नत्र आणायचं तर जवळजवळ अख्खं पोतं रक्ताच्या भुकटीनेच भरावं लागेल. मग स्फुरदासाठी हाडांची भुकटी आणि पालाशासाठी खनिज कुठे ठेवणार? जागाच उरत नाही. तेव्हा एक तर त्यात युरिया किंवा अमोनियमचं मीठ आहे, किंवा छापलेले आकडे खोटे आहेत. तिन्ही आकडे दोन अंकी आणि वर "१००% सेंद्रिय" असं दिसलं की मी पोतं खाली ठेवतो.

रानवाट
थोडी भर. काही देशांत लेबलवर नत्राची फोड द्यावी लागते: अमोनियाचं किती, नायट्रेटचं किती, युरियाचं किती, पाण्यात न विरघळणारं किती. खऱ्या सेंद्रिय घन खतात शेवटचा भाग मोठा असतो, कारण नत्र प्रथिनांत अडकलेलं असतं. फोडीत बहुतेक नत्र अमोनियाचं किंवा युरियाचं दिसलं आणि वर सेंद्रिय लिहिलेलं असलं, तर निर्मात्याला सरळ विचारावं. कोंबडखतात मात्र काही अमोनिया स्वभावतःच असतो, तेवढ्याने बिचकू नका.

कुंडीवाला
पण नोंदणी आहे ना! नोंदणी क्रमांक असताना खोटं कसं छापतील? सरकारने तपासल्याशिवाय शिक्का मिळतो का?

शेंदाड
नोंदणी क्रमांक हवाच, इथे मी तुझ्याशी सहमत आहे. बिनक्रमांकाचं पोतं मी घेतच नाही. पण क्रमांकाने एवढंच कळतं की या निर्मात्याने अमुक वर्गातलं उत्पादन अमुक हमी देऊन नोंदवलं आहे. म्हणजे हमी खोटी निघाली तर पकडता येईल. तुझ्या हातातलं पोतं कुणी तपासलं आहे असा त्याचा अर्थ नाही. नमुने घेतात, पण प्रत्येक पोत्याचे नाही.

आता पालवीच्या यादीतला एकेक शिक्का. गोलातला आर म्हणजे ब्रँडचं नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदलेलं आहे. खताशी त्याचा काडीचाही संबंध नाही, तरी लोक तो "रजिस्टर्ड" म्हणून वाचतात. आयएसओ ९००१ हे कारखान्याच्या कामकाजाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र आहे, पोत्यात नत्र किती आहे ते त्यात येत नाही. पानाचा गोल शिक्का कुणी दिला हे त्यावरच छापलेलं असेल तर अर्थ आहे. नुसतं पान आणि "नैसर्गिक" असेल तर ते चित्रच समज.

रानवाट
पान असलेल्या शिक्क्यात एक गंमत आहे. अमेरिकेतल्या ओएमआरआय या सेंद्रिय निविष्ठा तपासणाऱ्या संस्थेचा शिक्का घ्या. तो सांगतो की यातले घटक सेंद्रिय शेतीच्या नियमांत बसतात. खत किती ताकदीचं, तुमच्या पिकाला पुरेल का, हे तो सांगत नाही. तो सांगायचा दावाही करत नाही, पण विकणारे तसं भासवतात.

आणि घटकांची यादीही फसवता येते. कॅलिफोर्नियात २००० नंतरच्या काही वर्षांत सेंद्रिय शेतकऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर वापरलेल्या एका द्रवखतात अमोनियमची रासायनिक मिठं निघाली होती. तेव्हा ते मान्य निविष्ठांच्या यादीत होतं. त्यानंतर तिथल्या राज्याने सेंद्रिय निविष्ठांसाठी वेगळी नोंदणी आणि कारखान्याची तपासणी कायद्यात आणली. म्हणून शिक्का असला तरी शेंदाड यांनी केलं तसं गणित करून बघावं.

वांगीभरीत
माझं वेगळंच आहे, इथे विचारलं तर चालेल का? गेल्या हंगामात पोत्यातलं शेणखत घातलं. नोंदणी होती, शिक्का होता. टोमॅटोची नवी पानं वळून अरुंद झाली, नेच्याच्या पानांसारखी. शेजारच्या वाफ्यात, जिथे ते खत नव्हतं, तिथे झाडं छान होती. विक्रेता म्हणतो विषाणू आहे. खतातूनच आलं का?

रानवाट
वांगीभरीत, दोन्ही शक्य आहेत, फोटो बघूनही खात्रीने सांगता येणार नाही. पण शेजारचा वाफा ठीक होता म्हणता, तेव्हा तणनाशकाची शंका घ्यायला जागा आहे. अमिनोपायरॅलिड, क्लोपायरॅलिड या जातीची तणनाशकं कुरणावर मारतात. ती गवतातून जनावराच्या पोटात जातात आणि शेणातून जशीच्या तशी बाहेर पडतात. कंपोस्ट झाल्यावरही महिनोन् महिने टिकतात. टोमॅटो, घेवडा, वाटाणा यांना ती अगदी सूक्ष्म प्रमाणातही भोवतात, मक्याला काहीच होत नाही. तुमच्या वाफ्यात मका किंवा एखादं गवत होतं का? ते ठणठणीत राहिलं असेल तर शंका आणखी बळावते.

कुठल्याही नेहमीच्या नोंदणीत ही तपासणी नसते, त्यामुळे शिक्का इथे उपयोगाचा नाही. घरच्या घरी करायची चाचणी सोपी आहे. एका कुंडीत खत आणि स्वच्छ माती मिसळून घेवडा पेरा, शेजारी तीच माती बिनखताची. तिसरं-चौथं पान येईपर्यंत बघा. खताच्या कुंडीतली पानं वाटीसारखी वळली आणि दुसऱ्या कुंडीतली नाही, तर खत बाजूला ठेवा.

वांगीभरीत
मका नव्हता. पण कडेला हरळी होती, ती मात्र जोरात वाढली. पोतं उरलं आहे, घेवडा लावून बघते.

शेंदाड
आता पहिल्या दोन पोत्यांचं गणित, कारण खरी निवड तिथेच आहे.

वाफा १० चौरस मीटर. टोमॅटो-वांग्याला चौरस मीटरला साधारण १२ ग्रॅम नत्र धरू, म्हणजे वाफ्याला १२० ग्रॅम. स्फुरद, पोत्यावर P2O5 म्हणून लिहितात तो, ५० ते ६० ग्रॅम पुरे. पालाश, म्हणजे K2O, नत्राइतका किंवा थोडा जास्त. माती परीक्षण केलं असेल तर हे आकडे बदलतील, आणि केलेलं बरं.

पहिलं पोतं, ४-३-२. एका किलोत ४० ग्रॅम नत्र. पण सेंद्रिय नत्र सगळंच्या सगळं पहिल्या हंगामात मिळत नाही. कोंबडखतातलं मी निम्मं धरतो, म्हणजे किलोला २० ग्रॅम. १२० ग्रॅमसाठी ६ किलो लागलं. त्याबरोबर स्फुरद येतो १८० ग्रॅम, गरजेच्या तिप्पट. पालाश १२० ग्रॅम, तो ठीक. एका वर्षी चालून जाईल. दरवर्षी असंच केलं तर माती स्फुरदाने भरेल आणि झाडाला जस्त, लोह घेणं जड जाईल. मग वाफ्याची पानं पिवळी पडतात आणि माणूस आणखी खत आणतो.

दुसरं पोतं, १-०.८-०.८, कोरड्या वजनावर. ही बारीक ओळ सोडू नका. ओलावा २५ टक्के असेल तर किलोभर खतात कोरडं पाऊण किलोच, म्हणजे नत्र १० ग्रॅम नाही, साडेसात. मुरलेल्या कंपोस्टचं नत्र पहिल्या वर्षी दहावा भाग मिळालं तरी चांगलं, म्हणजे किलोला पाऊण ग्रॅम. १२० ग्रॅमसाठी १६० किलो लागेल. वाफ्यावर दर चौरस मीटरला १६ किलो! म्हणून कंपोस्टला "खत" समजून घ्यायचं नाही. ते मातीसाठी घ्यायचं, ओल धरायला, भुसभुशीत करायला. कुंडीवाला "माती विकत घेतल्यासारखं" म्हणाला ते निम्मं बरोबर आहे, फक्त त्यात वाईट काही नाही.

मी काय करीन ते सांगतो. कंपोस्ट २० किलो. त्यातून नत्र मिळेल १५ ग्रॅम, आणि स्फुरद-पालाश प्रत्येकी १२० ग्रॅम. म्हणजे स्फुरदाचं काम कंपोस्टनेच झालं, आता स्फुरद असलेलं काहीही नको. उरलेलं १०५ ग्रॅम नत्र अशा वस्तूतून द्यायचं जिचा मधला आकडा लहान असेल. निंबोळी पेंड साधारण ५-१-१ च्या आसपास मिळते. तिच्यातलं निम्मं नत्र धरलं तर ४ किलोच्या थोडं वर. रसायन चालत असेल तर ४६-०-० म्हणजे युरिया, २३० ग्रॅम, तीन हप्त्यांत. घेवड्याच्या कडेला यातलं फारसं काही देऊ नका, तो आपलं नत्र बरंचसं स्वतः मिळवतो.

कुंडीवाला
म्हणजे बेरीज बघायची नाही, मधला आकडा बघायचा? असं कुणी कधी सांगितलं नव्हतं.

शेंदाड
दरवर्षी कंपोस्ट घालणाऱ्याने मधला आकडा बघायचा. नवीन, कधीच काही न घातलेली जमीन असेल तर उलटही होतं, तिथे कोंबडखत झकास.

मधुमालती
शेंदाडकाका, निम्मं हे जरा सरसकट नाही का झालं? माझ्याकडे उन्हाळा लांब आणि माती ऊबदार, ओल कायम. कोंबडखत महिन्याभरात उतरल्यासारखं वाटतं, पानं काळपट हिरवी होतात आणि फुलं उशिरा येतात. मी तुमच्या हिशोबाने ६ किलो घातलं तर जास्त होईल.

शेंदाड
होऊ शकतं. निम्मं हा मधला अंदाज आहे. ऊबदार, ओल्या मातीत दोनतृतीयांशही निघेल, थंड मातीत तिसऱ्या हिश्शावर अडकेल. काळपट पानं आणि उशिरा फुलं हे नत्र जास्त झाल्याचंच लक्षण आहे. तू ४ किलोने सुरू कर आणि पानाकडे बघून बाकीचं दे.

मधुमालती
मग पोत्यावर "हंगामात मिळणारं नत्र" असं का छापत नाहीत?

रानवाट
कारण ते पोत्याच्या हातात नाही, मातीच्या तापमानाच्या हातात आहे. त्यातल्या त्यात कर्ब-नत्र गुणोत्तर छापलेलं असेल तर बघा. २० च्या खाली असेल तर खत मुरलेलं आहे. ३० च्या वर असेल तर उलट ते मातीतलं नत्र खाईल, रोपं पिवळी दिसतील.

सुगरण_९
माझ्या खतावर ८-१.३-५ असं आहे. मधला आकडा लहान आहे, म्हणजे चांगलं ना? ऑस्ट्रेलियातून आणलेलं आहे.

शेंदाड
थांबा! ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये स्फुरद-पालाश मूलद्रव्य म्हणून छापतात, P2O5 आणि K2O म्हणून नाही. तुमच्या १.३ ला २.२९ ने गुणा, म्हणजे सुमारे ३ टक्के P2O5. ५ ला १.२ ने गुणा, ६ टक्के K2O. म्हणजे दुसऱ्या देशांच्या भाषेत तुमचं पोतं ८-३-६ आहे. तरी टोमॅटोला वाईट नाही. पण दोन देशांची पोती शेजारी ठेवून तुलना करताना हे आधी करायचं.

पालवी
वर्गाची ओळ सापडली, पोत्याच्या मागच्या बाजूला शिवणीखाली होती! तिसऱ्यावर लिहिलंय "वनस्पती वाढ उत्तेजक". आणि १२-१२-१२ च्या खाली अगदी बारीक: "मिश्रणाचं प्रमाण". टक्के असं कुठेच नाही.

रानवाट
हे भारी आहे. म्हणजे ते १२ टक्के नत्र नाहीच. कुठल्या तरी तीन घटकांचे सारखे भाग, असा अर्थ ते उद्या लावतील.

वर्ग का बघायचा ते यावरून कळेल. भारतात खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये सेंद्रिय खतं चौथ्या अनुसूचीत आहेत, जैविक खतं तिसऱ्या आणि उत्तेजकं सहाव्या, ही २०२१ मध्ये आली. गांडूळखताला किमान १ टक्का नत्राची अट आहे. उत्तेजकाकडून अन्नद्रव्य पुरवण्याची अपेक्षाच नसते, त्याची नोंदणी वेगळ्याच गोष्टीची होते. युरोपात सीई चिन्ह असलेल्या पोत्यावरही वर्ग असतो: सेंद्रिय खत, सेंद्रिय-खनिज खत, मातीसुधारक, उत्तेजक. चारही वर्गांवर चिन्ह तेच. म्हणून नुसतं चिन्ह बघून काहीच कळत नाही.

कुंडीवाला
पण तिसऱ्या पोत्याचा नोंदणी क्रमांक खराच आहे ना?

शेंदाड
खरा असेलही, उत्तेजक म्हणून. आणि त्यावर युरियाची शंका मी घेतली ती आता मागे घेतो, कारण तिथे नत्राचा दावाच नाही.

पालवी
कंपोस्ट आणि निंबोळी पेंड घेते मग. एरंडीची पेंडही मिळते, आकडे जवळपास तेच दिसतात. चालेल का?

रानवाट
पिकाला चालेल. घरात कुत्रं असेल तर नको. एरंडीच्या पेंडीत रायसिन राहिलेलं असू शकतं आणि कुत्री वास घेऊन ती उकरून खातात, जिवावर बेततं. मातीत मिसळली तरी उकरतात.

पालवी
कुत्रं आहे. निंबोळीच घेते. पेंडीच्या पोत्यावर नत्र ५ लिहिलंय, पण ओलावा लिहिलेला नाही, हे खटकतंय.

शेंदाड
खटकू दे. पेंड पावसाळ्यात ओली झालेली असेल तर वजन पाण्याचं देतेस. मूठभर घेऊन दाब, गोळा झाला आणि बुरशीचा वास आला तर दुसरी बॅच माग. बॅच क्रमांक आणि तयार केल्याची तारीख नसेल तर तेही घेऊ नकोस. आणि तेल काढलेली आहे का ते विचार, कारण तेल राहिलेली पेंड मातीत हळू सुटते.

मधुमालती
माझा अनुभव उलट आहे, तेल असलेली पेंड मुळांजवळ कीड कमी ठेवते. नत्रासाठी घ्यायची की त्यासाठी, हे आधी ठरवायला हवं.

वांगीभरीत
घेवडा पेरला आहे, खताच्या कुंडीतली दोनच उगवली, बिनखताच्या सगळ्या. पण खत जरा जास्तच घातलं गेलं बहुतेक, निम्मं निम्मं. क्षारांमुळे असेल का?

रानवाट
असेल. शेणखताच्या पोत्यात क्षार जास्त असणं नेहमीचंच. एक भाग खत, तीन भाग माती घेऊन पुन्हा पेरा. उगवण्यापेक्षा उगवल्यावरची पानं बघायची आहेत.